महोदय, माझे पासष्ट रुपयेच कापावेत

तुमसरच्या बाजार समितीत धानाचं पोतं काट्यावर चढलं की शेतकरी डोळ्यांत तेल घालून उभा असतो. सरकारी खरेदीत सतरा टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, त्याच्यावर गेला की माल अडतो. म्हणून ओलावा मोजायचं यंत्र काय दाखवतं, काटा कुठे थांबला, हमालाचा पाय चुकून काट्यावर तर नाही, सगळं तो तिथेच पाहून घेतो आणि पटलं नाही तर तिथेच भांडतो. पावती हातात आल्यावर भांडून उपयोग नाही, हे त्याला ठाऊक असतं.

त्याच गावातला पगारदार माणूस मात्र कपातीच्या बाबतीत संतवृत्तीचा. मग तो शाळेतला शिक्षक असो, बँकेतला रोखपाल असो, तुमसर रोड स्टेशनवरचा रेल्वे कर्मचारी असो की डोंगरी बुजुर्ग किंवा चिखल्याच्या मॅंगनीज खाणीतला मॉयलचा माणूस असो. मोबाइलवर पगार जमा झाल्याचा संदेश येतो, त्यातला शेवटचा आकडा तो वाचतो, उसासा टाकतो आणि किराण्याच्या यादीकडे वळतो. वरून किती कापलं आणि का कापलं, हे ज्या पगारपत्रकात लिहिलेलं असतं ते उघडलं जातं वर्षातून एकदा. एकतर कर्ज काढायचं असतं तेव्हा, नाहीतर मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडायचं असतं तेव्हा.

उदाहरणादाखल आपण असे एक सर घेऊ. कनिष्ठ महाविद्यालयातले, नोकरीची बरीच वर्षं झालेले, महिना एक लाख पंधरा हजार पगार असलेले. महागाई भत्त्याची वाढ आणि जुलैची वेतनवाढ हिशोब सोपा राहावा म्हणून बाजूला ठेवू. वर्षाचे झाले १३,८०,००० रुपये. साल २०२५-२६, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्याच्या अमलातलं शेवटचं आर्थिक वर्ष. सरांचं नाव सांगायची गरज नाही. तुमसरच्या कुठल्याही पानठेल्यावर सकाळी साडेनऊला उभं राहिलं तर असे दोन सर तरी भेटतातच.

२०२५ च्या १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला गेला आणि 'बारा लाखांपर्यंत कर नाही' हे वाक्य स्टाफरूममध्ये पोचलं. पगारदाराला पंच्याहत्तर हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून त्याच्यासाठी ही मर्यादा पावणेतेरा लाखांची. सरांनी ताबडतोब गणित केलं. तेरा लाख ऐंशी हजारातून पावणेतेरा लाख गेले, उरले एक लाख पाच हजार. त्यावर कर किती तो लागणार? पंधरा टक्क्यांनी पंधरा हजार सातशे पन्नास, आणि वर थोडा उपकर. सर हे गणित गणिताच्या सरांसमोर मांडत होते, आणि गणिताचे सर मान डोलावत होते.

हे गणित चुकीचं आहे, पण इतकं गोड चुकीचं आहे की ते जिल्हाभर फिरलं. बारा लाखांची जी गोष्ट आहे ती सूट आहे, आणि ती बारा लाखांच्या आत राहणाऱ्याला पूर्ण मिळते. उंबरा ओलांडला की थोड्या अंतरापर्यंत सरकार हात धरतं, म्हणजे बारा लाखांच्या वर जितकं उत्पन्न त्याहून जास्त कर घेत नाही. पण एक लाख पाच हजार पुढे गेलेल्या माणसाचा हात सोडलेला असतो. त्याला चार लाखांपासूनच मोजायला सुरुवात. चार ते आठ लाखांवर पाच टक्के म्हणजे वीस हजार, आठ ते बारा लाखांवर दहा टक्के म्हणजे चाळीस हजार, आणि वरच्या एक लाख पाच हजारांवर पंधरा टक्क्यांनी १५,७५०. एकूण ७५,७५०, चार टक्के उपकर धरून ७८,७८०. बारा महिन्यांत वाटले तर महिना बरोबर ६,५६५ रुपये.

सरांच्या पगारातून मात्र एप्रिलपासून महिना १३,०६५ रुपये कापले जात होते. दुपटीला पासष्ट रुपये कमी.

सरांना हे कळलं सप्टेंबरचा पगार झाल्यावर. कळलं तेही शेजारच्या टेबलावरच्या मॅडममुळे. पगार जवळजवळ सारखा, पण मॅडमच्या हातात साडेसहा हजार जास्त पडत होते. अशा बातमीने माणसाला कराबद्दल जी जिज्ञासा वाटते, ती अर्थमंत्र्यांच्या सव्वा तासाच्या भाषणाने वाटत नाही.

मग सरांनी कागद घेतला आणि पत्र लिहिलं. मराठी माणसाला अर्ज शाळेत शिकवलेला असतो, आणि तो शाळेतच राहतो. 'विषय: माझ्या पगारातून अन्यायकारक रीतीने कापण्यात येत असलेली रक्कम परत मिळणेबाबत.' पुढे 'उपरोक्त विषयान्वये सविनय विनंती करण्यात येते की' आणि त्यानंतर दीड पान. त्यात आपण संस्थेची किती वर्षं इमानेइतबारे सेवा केली ते होतं. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. मुलगा नागपूरला शिकतो, खोलीचं भाडं वाढलं, दिवाळी तोंडावर आली, हे सगळं होतं. बारा लाखांपर्यंत कर नाही असं माननीय अर्थमंत्री महोदयांनी संसदेत सांगितल्याचं स्मरण होतं. शेवटी 'तरी माझी एप्रिलपासूनची संपूर्ण रक्कम रोखीने अथवा धनादेशाने परत करून उपकृत करावे' अशी मागणी होती. एक गोष्ट तेवढी नव्हती. रक्कम किती, हे दीड पानात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

लेखा विभागातल्या बाबूंनी ते पत्र शांतपणे वाचलं, गुडघ्याची चौकशी केली आणि म्हणाले, "सर, पैसा तं सरकारात गेला. आता मी कुठून देऊ जी?"

हे उत्तर टोलवाटोलवीचं वाटतं, पण खरं आहे. कापलेला कर पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत सरकारजमा करावा लागतो, आणि बाबूंच्या कपाटात तो कधीच राहत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सर आले तोवर सप्टेंबरची कपातही सरांच्या पॅनवर सरकारच्या खात्यात बसायच्या मार्गाला लागली होती. परत द्यायला लेखा विभागाकडे सरांचा एक रुपयाही नव्हता. तेव्हा 'परत करा' ही मागणी ज्याच्याकडे केली, त्याच्याकडे वस्तूच नाही.

पण बाबूंच्या हातात दुसरं काहीतरी होतं, आणि सरांनी ते मागितलंच नव्हतं. पगारावरची कपात ही मुळात अंदाजाची असते. तेव्हाच्या कलम १९२ नुसार मालकाने वर्षाचं उत्पन्न अंदाजे धरायचं, त्यावरचा वर्षाचा कर काढायचा आणि तो बारा पगारांत वाटून घ्यायचा. अंदाज चुकू शकतो, हे कायदा करणाऱ्यांना माहीत होतं. म्हणून त्याच कलमाच्या तिसऱ्या उपकलमात मालकाला मुभा होती की, आधी जास्त कापलं गेलं असेल तर त्याच आर्थिक वर्षातल्या पुढच्या कपाती कमी करून ते वळतं करावं. कमी कापलं असेल तर त्या वाढवाव्यात. परतफेड नाही, पण समायोजन आहे. सरांनी त्या दीड पानात हा एक शब्द लिहिला असता तरी गुडघ्याला विश्रांती मिळाली असती.

आता चूक झाली कशी, ते पाहण्यासारखं आहे, कारण पत्राचा सगळा जीव त्यात आहे. सर आदल्या वर्षी जुन्या करप्रणालीत होते. भविष्य निर्वाह निधी, एलआयसी आणि मुलाची शिक्षण फी धरून दीड लाख, घरच्यांच्या आणि आईवडिलांच्या आरोग्यविम्याचे पन्नास हजार, असा त्यांचा दोन लाखांच्या वजावटीचा संसार. नवं वर्ष लागलं तेव्हा लेखा विभागाने मागच्या वर्षीची तक्त्याची फाइल उघडली, वरचं साल बदललं आणि खालचं सगळं तसंच ठेवलं. जुन्या प्रणालीत तेरा लाख ऐंशी हजारातून पन्नास हजारांची प्रमाणित वजावट, अडीच हजारांचा व्यवसाय कर आणि हे दोन लाख गेले की ११,२७,५०० उरतात. त्यावर कर आणि उपकर मिळून १,५६,७८०. त्याचा बारावा हिस्सा १३,०६५. म्हणजे बाबूंचा गुणाकार-भागाकार अचूक होता. फक्त तो मागच्या वर्षीच्या सरांना लागू होता.

नियम असा आहे की २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच मूळ धरली जाते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ५ एप्रिल २०२३ च्या परिपत्रकात मालकांना सांगितलं की दर वर्षी प्रत्येक कर्मचाऱ्याला विचारा, तुला कोणती प्रणाली हवी. त्याने सांगितली तर त्याप्रमाणे कापा. त्याने काहीच सांगितलं नाही तर तो नव्या प्रणालीत आहे असं समजा. सरांनी २०२५ च्या एप्रिलमध्ये काहीच सांगितलं नव्हतं. विचारणा करणारा कागद फिरला होता की नाही यावर स्टाफरूममध्ये दोन पक्ष आहेत. पण फिरला आणि सरांनी न भरता उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात घातला, असं गृहीत धरलं तरी त्याचा अर्थ नवी प्रणाली असाच होतो. सरांचं मौन या एका ठिकाणी त्यांच्या बाजूने साक्ष देत होतं. घरी याचा अनुभव त्यांना कधी आला नव्हता.

उलट झालं असतं, म्हणजे सरांनी एप्रिलमध्ये स्वतः 'जुनी' असं लिहून सही केली असती, तर पत्राचं बळ पुष्कळ कमी झालं असतं. मालकाने सांगितल्याप्रमाणेच कापलं, मग चूक कोणाची? अशा वेळी बाबू नाही म्हणाले तर त्यांच्याशी वाद घालू नये. व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला विवरणपत्र मुदतीत भरताना प्रणाली पुन्हा निवडता येते. लेखा विभागाला काय सांगितलं होतं याचं तिथे बंधन नसतं.

बाबू लोक जास्त कापायला इतके सैल आणि कमी कापायला इतके कडक का, याचं कारणही कायद्यातच आहे. कर कापायचा राहिला किंवा कमी कापला, तर मालक कसूरदार ठरू शकतो आणि महिना एक टक्का व्याज त्याच्या माथी बसतं. कापून भरला नाही तर दीड टक्का. जास्त कापला तर? काही नाही. ना दंड, ना व्याज, ना नोटीस. जास्त झालेलं कर्मचारी विवरणपत्र भरून सोडवून घेईल, असं धरलेलं असतं. आता ज्याला एका बाजूला पडलं तर खड्डा आणि दुसऱ्या बाजूला पडलं तर गवत, तो कुठल्या बाजूला कलून चालेल हे सांगायला ज्योतिषी नको. बाबू वाईट नसतात. ते गवताच्या बाजूने चालतात, इतकंच.

म्हणूनच लेखा विभागाला लिहायचं पत्र हे दयेचा अर्ज असून भागत नाही. त्यातून बाबूंना कागदाचं संरक्षण मिळालं पाहिजे. उद्या लेखापरीक्षणात कोणी विचारलं की ऑक्टोबरपासून या माणसाची कपात एकदम का घसरली, तर फाइलमधून काढून दाखवता येईल असं काहीतरी. अशा पत्रातला प्रत्येक आकडा बाबूंच्या बाजूने उभा राहतो, आणि प्रत्येक विशेषण त्यांना पुढे ढकलायला निमित्त देतं. 'अन्यायकारक' हा शब्द विषयाच्या ओळीत दिसला की पत्र साहेबांकडे जातं, साहेबांकडून 'नियमानुसार कार्यवाही करावी' असा शेरा घेऊन परत येतं, आणि त्यात पंधरा दिवस जातात. सरांना पंधरा दिवस परवडणारे नव्हते.

का नव्हते, ते आकड्यांतच दिसतं. एप्रिल ते सप्टेंबर सहा महिने १३,०६५ रुपयांनी सरांचे ७८,३९० रुपये कापून झाले होते. वर्षाचा खरा कर ७८,७८०. म्हणजे अख्ख्या वर्षाचा कर सहा महिन्यांतच जवळजवळ पूर्ण झाला होता, बाकी राहिले होते ३९० रुपये. ऑक्टोबरचं बिल तयार व्हायच्या आत दुरुस्ती झाली तर ते ३९० रुपये उरलेल्या सहा पगारांत वाटायचे. महिना पासष्ट. पण ऑक्टोबरचं बिल जुन्याच आकड्याने पुढे गेलं, तर कपात ९१,४५५ होते. मग मार्चपर्यंत एक पैसाही कापला नाही तरी १२,६७५ रुपये जास्तीचे राहतात, आणि ते वळते करायला कुठलीच कपात शिल्लक नसते. शून्याच्या खाली कपात जात नाही.

संध्याकाळी सरांनी दुसरं पत्र लिहिलं. या वेळी गणिताचे सर सोबत नव्हते, शेजारच्या टेबलावरच्या मॅडम होत्या. पहिल्या मसुद्यातला गुडघा मॅडमनी एका रेघेत खोडला, दिवाळी दुसऱ्या रेघेत. पत्र असं झालं:

'प्रति, लेखा विभाग. विषय: आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये वेतनातून जादा झालेल्या आयकर कपातीचे उर्वरित महिन्यांत समायोजन करणेबाबत.

महोदय, एप्रिल ते सप्टेंबर २०२५ या सहा महिन्यांत माझ्या वेतनातून दरमहा रु. १३,०६५ प्रमाणे एकूण रु. ७८,३९० आयकर कपात झाली आहे. ही कपात जुन्या करप्रणालीनुसार झाल्याचे दिसते. चालू वर्षासाठी मी जुन्या प्रणालीचा पर्याय कळवलेला नाही. सबब मूळ तरतुदीनुसार मला नवीन प्रणाली लागू आहे. त्यानुसार माझा वर्षाचा कर रु. ७८,७८० होतो (गणना सोबत जोडली आहे). आयकर कायदा १९६१, कलम १९२(३) अन्वये झालेली जादा कपात विचारात घेऊन, देय शिल्लक रु. ३९० ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांत दरमहा रु. ६५ प्रमाणे कपात करावी, ही विनंती. माझे अन्य कोणतेही उत्पन्न कळवावयाचे नाही. सहपत्रे: पगारपत्रके सहा, करगणना एक.'

खाली सही, नाव, पदनाम आणि पॅन. उपकृत व्हायचं राहूनच गेलं, पण त्यावाचून कोणाचं अडलं नाही.

यातली अन्य उत्पन्नाची ओळ पुष्कळ जण गाळतात, कारण ती लिहिताना मुदत ठेवीची आठवण होते. कलम १९२ मध्ये कर्मचाऱ्याला आपलं बाकीचं उत्पन्न आणि त्यावर झालेली कपात मालकाला कळवायची सोय होती. ती कळवली की मालक ती हिशेबात घेतो. सरांच्या नावावर ठेव नव्हती. ती सौभाग्यवतींच्या नावावर होती, आणि तिच्या व्याजाचा विषय त्या घरात निघत नाही.

जुन्या प्रणालीत राहणाऱ्या माणसाला या पत्रासोबत १२ बीबी हा नमुनाही द्यावा लागत होता. २०१६ च्या जूनपासून तो आला. त्याआधी कर्मचाऱ्याने दिलेलं पुराव्याचं बाड किती खोलात तपासायचं यावर बरेच वाद झाले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लार्सन अँड टुब्रोच्या प्रकरणात, प्रवास सवलतीचे खर्चाचे पुरावे गोळा करून तपासण्याचं बंधन मालकावर नाही, असं म्हटलं होतं. पुढे १२ बीबी आला आणि पुरावे देणं कर्मचाऱ्याच्याच अंगावर आलं. वर्षाचं घरभाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅनही लिहावा लागतो. तुमसरात भाडेकरूने घरमालकाकडे पॅन मागण्यापेक्षा त्याच्या मुलीला मागणी घालणं सोपं जातं.

दुसरं पत्र घेऊन सर सकाळी अकराला लेखा विभागात गेले. त्यांनी दोन प्रती नेल्या होत्या. एक दिली आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला. ही पोच म्हणजे कर्मचाऱ्याचं एकमेव हत्यार, आणि तीच घ्यायला तो लाजतो. 'आपल्याच माणसाकडे काय शिक्का मागायचा' असं म्हणून पत्र टेबलावर ठेवून येणारे सर पुढे महिनाभर त्या टेबलावर चहाच्या कपाखाली आपलं पत्र पाहतात आणि बोलत नाहीत.

बाबूंनी गणनेचा कागद पाहिला, स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर तो पुन्हा केला आणि मग तिसऱ्यांदा केला, कारण तीनशे नव्वद रुपये हा आकडा त्यांना सोसवत नव्हता. "सर, इतका कमी कर कापला तं ऑडिटवाला मलेच विचारन."

"त्याला हे दाखवा," सर म्हणाले, आणि मॅडमनी सांगितल्याप्रमाणे पत्रातल्या कलमावर बोट ठेवलं.

एवढ्यावर काम व्हायला हरकत नसते, आणि बहुतेक ठिकाणी होतंही. लेखा विभागालाही नंतरच्या कटकटीपेक्षा आत्ताची दुरुस्ती स्वस्त पडते. तिमाहीचं कपात विवरण त्यांना द्यायचंच असतं. पहिल्या तिमाहीचं ३१ जुलैला, दुसऱ्याचं ३१ ऑक्टोबरला, तिसऱ्याचं ३१ जानेवारीला आणि शेवटचं ३१ मेला. सरांच्या दोन तिमाहींत जी कपात झाली ती खरीच झाली होती आणि भरलीही होती. त्यामुळे मागचं काही दुरुस्त करायचं नव्हतं. पुढच्या बिलात फक्त आकडा बदलायचा होता.

समजा, बाबूंनी पत्र ठेवून घेतलं आणि बिल जुन्याच आकड्याने गेलं. मग ते १२,६७५ रुपये गेले का? गेले नाहीत, लांबच्या गावाला गेले. जूनच्या पंधरा तारखेपर्यंत फॉर्म १६ मिळतो. तो घेऊन जुलैअखेर विवरणपत्र भरायचं आणि परतावा मागायचा. तो बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्रातून थेट बँक खात्यात येतो. मुदतीत विवरणपत्र भरलं असेल तर १ एप्रिलपासून महिना अर्धा टक्का व्याजही मिळतं, फक्त परतावा ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी नसावा. सरांच्या बाबतीत तो सोळा टक्के होतो, म्हणजे व्याज लागू. शंभरच्या पटीत खाली आणून १२,६०० वर अर्धा टक्का म्हणजे महिना ६३ रुपये. सरकारचं व्याज त्रेसष्ट आणि सरांची कपात पासष्ट. शिवाय त्या त्रेसष्ट रुपयांवर पुढच्या वर्षी कर.

अख्खं वर्ष कोणाच्या लक्षातच आलं नसतं तर जादा कपात झाली असती अठ्ठ्याहत्तर हजार. मार्चचा पगार झाल्यावर लिहिलेलं पत्र कितीही सुंदर असलं तरी त्याचं उत्तर एकच, विवरणपत्र भरा. समायोजनाची मुभा आर्थिक वर्षासोबत संपते. एप्रिलमध्ये बाबूंकडे जाऊन मागच्या वर्षीचं वळतं करा म्हणणारे दर वर्षी भेटतात. बाबू त्यांना चहा देतात.

आणखी एक तक्रार याच दारात येते, पण तिचं औषध निराळं आहे. पगारपत्रकावर कर कापल्याचं दिसतं आणि आयकर खात्याच्या २६ एएसमध्ये तो दिसतच नाही. तिथे जादा कपात झालेली नसते. पॅनचा एखादा अंक चुकलेला असतो किंवा तिमाहीचं विवरणच गेलेलं नसतं. त्याचं पत्र लिहिताना समायोजन मागायचं नाही, दुरुस्त विवरण मागायचं. कापून घेतलेला कर मालकाने भरलाच नाही, असंही घडतं. मुंबई उच्च न्यायालयासमोर यशपाल साहनी यांचं असंच प्रकरण आलं होतं. २००७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की पगारातून कर कापला गेला असेल, तर मालकाने तो भरला नाही म्हणून खात्याने पुन्हा कर्मचाऱ्याकडून वसूल करायचा नाही. अशा वेळी पगारपत्रक जपून ठेवलेला माणूस शहाणा ठरतो.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि पगारावरच्या कपातीचं कलम १९२ चं ३९२ झालं. त्यामुळे नव्या वर्षात अशी पत्रं लिहिणाऱ्याने जुना क्रमांक उतरवला तर बाबूंना पत्र परत पाठवायला एक सभ्य कारण मिळेल.

सरांच्या पत्राचं मात्र काम झालं. ऑक्टोबरच्या पगारपत्रकात आयकराच्या रकान्यात पासष्ट रुपये आले. त्या महिन्याचा व्यवसाय कर दोनशे रुपये होता, म्हणजे राज्य सरकारने सरांकडून केंद्र सरकारच्या तिप्पट घेतलं. हे पगारपत्रक स्टाफरूममध्ये हातोहात फिरलं. बारा लाखांचं गणित पुन्हा एकदा निघालं आणि गणिताच्या सरांनी या वेळी मान डोलावली नाही.

दोन दिवसांत सरांच्या पत्राच्या आठ-दहा झेरॉक्स निघाल्या. लोकांनी नावं बदलली, सह्या केल्या आणि लेखा विभागात ढीग लावला. त्यात एक पत्र अशा माणसाचं होतं की ज्याने जुनी प्रणाली हवी असल्याचं एप्रिलमध्येच लिहून दिलं होतं. सरांइतक्या पगाराला जुनी प्रणाली नवीपेक्षा स्वस्त पडायला प्रमाणित वजावट आणि व्यवसाय कर सोडून वर ५,११,२५० रुपयांहून जास्त वजावट लागते. दीड लाखाची बचत, पन्नास हजारांचा विमा आणि गृहकर्जाच्या व्याजाचे कमाल दोन लाख धरले तरी चारच लाख होतात. त्याच्या घराचा हप्ताही नुकताच फिटला होता. त्याला बाबूंनी सांगितलं, "तुम्ही लिहून दिलं होतं न भाऊ. आता जुलैत विवरणपत्रात बदला."

दुसऱ्या एकाने आकडेही बदलले नव्हते. पगार पंच्याऐंशी हजार, आणि मागणी ७८,३९० रुपयांच्या समायोजनाची. बाबूंनी ते पत्र बाजूला काढलं आणि त्याला बोलावून विचारलं, "काहून जी, तुमचा वर्षाचा पगार दहा लाख वीस हजार. नव्या प्रणालीत तुमचा कर शून्य, आणि तुमचा कापला बी नाही आतापर्यंत. मंग हे अठ्ठ्याहत्तर हजार कोणाचे?"

त्याने पत्र हातात घेऊन नीट पाहिलं. खाली सही त्याची होती. पॅन सरांचा होता.